अनोळखी ‘हाय’ आणि दोन मापांचा जोड

कोल्हापुरात चप्पल लाइनीजवळ माझं दुकान आहे. दुकानाच्या व्हॉट्सॲपवर रोज अनोळखी नंबरांवरून नुसतं ‘हाय’ येतं. नाव नाही, फोटो नाही, पुढे काही नाही. शेजारचे बरेच दुकानदार ते वाचून सोडून देतात, कारण फसवणुकीची सुरुवातही अशीच होते. मी मात्र उत्तर देतो. समोर कोण आहे ते त्याच्या पुढच्या दोन वाक्यांत कळतं. लिंक पाठवली, गुंतवणुकीचं बोलणं काढलं किंवा पैसे ‘मिळवायला’ क्यूआर स्कॅन करून पिन टाका म्हणाला, की नंबर ब्लॉक. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही.

मागच्या पावसाळ्यानंतर असंच एक ‘हाय’ आलं. मी लिहिलं, “नमस्कार, कोल्हापुरी चपलांचं दुकान. कुणासाठी बघताय, पुरुषाच्या पायाला की बाईच्या?” पहिल्याच उत्तरात लांबलचक दरपत्रक पाठवलं की माणूस बिचकतो. एका शब्दात उत्तर देता येईल असा प्रश्न विचारला की बोलणं पुढे सरकतं.

संध्याकाळी उत्तर आलं, “वडिलांसाठी.” मग हळूहळू सगळं कळलं. ताई बडोद्याच्या. वडिलांच्या जुन्या चपलांच्या पिशवीवर आमचा नंबर होता. दुकान अजून चालू आहे का, एवढंच बघायला त्यांनी ‘हाय’ टाकलं होतं. वडिलांच्या उजव्या पायाला जुना अपघात झालेला, त्या पायावर सूज असते. तयार जोडात एक चप्पल बसली की दुसरी काचते, म्हणून वर्षभर ते रबरी स्लीपरवरच फिरत होते.

कोल्हापुरीत हे जमण्यासारखं काम आहे, कारण ती हाताने बेतून, चामड्याच्या वादीने शिवतात. दोन पायांचे तळ वेगळे कापता येतात. खरी अडचण माप घेण्याची. नुसता “आठ नंबर” चालत नाही. नंबर लांबी सांगतो, पट्ट्याखालचा घेर सांगत नाही.

मी ताईंना लिहिलं: माप संध्याकाळी घ्या, तेव्हा सूज उतरलेली नसते. बाबांना ए-फोर कागदावर उभं करा, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन. पेन्सिल सरळ उभी धरून कडेने फिरवा. तिरकी धरली तर ती पायाखाली सरकते आणि माप कमी येतं. मग शिलाईच्या टेपने बोटांच्या मुळाशी, सगळ्यात रुंद जागी, पायाभोवतीचा घेर घ्या. फोटो बरोबर वरून काढा, कागदाचे चारही कोपरे दिसू द्या. कागद 29.7 सेंटिमीटर लांब असतो, त्यामुळे फोटोवरून प्रमाण ताडून बघता येतं.

पहिला फोटो तिरका आला होता. कागदाची एक बाजू दुसरीपेक्षा आखूड दिसत होती, म्हणून मी परत मागवला. डावा पाय 25.8 लांब, उजवा 26.4. घेरात मात्र मोठा फरक निघाला: डावा 25, उजवा 26.6. कारागीर मामांना दाखवलं तर ते म्हणाले, “तळ दोन कापूया, पण पट्टा उजवीकडं जास्त सैल नगं. कातडं वापरात आपसूक सैल पडतंय.” त्यांनी दोन्ही पायांचे कागद कापून चामड्यावर ठेवले, वेणी आणि कान दोन्हींना सारखे घातले. त्यामुळे जोड लांबून एकसारखाच दिसतो.

निम्मी रक्कम आगाऊ ठरली. ताईंनी पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट पाठवला. मी नम्रपणे कळवलं की बँकेच्या ॲपमध्ये रक्कम दिसली की चामडं कापायला घेतो. खोटे स्क्रीनशॉट सहज बनतात, म्हणून हा नियम ओळखीच्या गिऱ्हाइकालाही आहे. त्यांना वाईट वाटलं नाही. थोड्या वेळात रक्कम जमा झाली. बाकीची रक्कम पार्सल टाकण्याआधी, तयार जोडाचा फोटो बघून त्यांनी दिली. मी जोड स्पीड पोस्टाने पाठवला. सोबत चिठ्ठी ठेवली: सुरुवातीचे दिवस घरातच थोडा थोडा वेळ घाला, पट्ट्याला आतून खोबरेल तेलाचं बोट लावा, भिजली तर उन्हात नको, सावलीत वाळवा.

आठवड्याने ताईंचा फोन आला. उजव्या पायाचा अंगठा जरा घट्ट होता, दोन्ही पट्टे बरोबर बसले होते. मी तेल लावून अजून थोडे दिवस बघायला सांगितलं. तरी काचलं तर जोड परत पाठवा, मामा अंगठ्याची वादी बदलून देतील, असंही म्हटलं. तशी वेळ आली नाही. मामांनी दोन्ही पायांचे कागद पाकिटात घालून वर ‘बडोदा’ लिहून ठेवलेत. दिवाळीआधी ताईंनी त्याच मापाचा दुसरा जोड सांगितला आणि आईच्या पायाचा कागद पाठवला. या वेळी चारही कोपरे नीट दिसत होते.