साठ महिन्यांची सरासरी

इंदूरच्या सांवेर रोडवरच्या काही कारखान्यांचे पीएफचे हिशेब मी बघतो. ऑक्टोबर 2025 मध्ये दोघे भाऊ माझ्याकडे आले. धाकटा नुकताच 58 वर्षं पूर्ण करून निवृत्त झालेला, थोरला बँकेतून निवृत्त. धाकट्याची पेन्शन 1,807 रुपये बसली होती. थोरल्याने घरी हिशेब केला होता 2,357चा.

"मालकांनी पैसे कमी भरलेत, दुसरं काय!" दादा चिडून म्हणाले.

मी पासबुक उघडलं. पैसे बरोबर भरलेले होते. सूत्रही दादांनी बरोबर लावलं होतं: पगाराची सरासरी गुणिले नोकरीची वर्षं, भागिले 70. नोकरी ऑक्टोबर 2014 पासूनची, म्हणजे 11 वर्षं. चूक एकच होती. बँकेची पेन्शन शेवटच्या दहा महिन्यांच्या सरासरीवर ठरते, म्हणून त्यांनी भावाचेही शेवटचे दहा महिनेच धरले होते. त्या महिन्यांत बेसिक आणि महागाई भत्ता मिळून 15,000 होते.

कर्मचारी पेन्शन योजनेत मात्र 1 सप्टेंबर 2014 पासून साठ महिने धरतात. त्याआधी बारा धरायचे. सुप्रीम कोर्टानेही 4 नोव्हेंबर 2022 च्या निकालात साठ महिने कायम ठेवले.

मग मी पाच वर्षांचे आकडे कागदावर मांडले: 9,000, 10,000, 11,000, 12,500 आणि 15,000. सरासरी आली 11,500. तिला 11 ने गुणून 70 ने भागलं की बरोबर 1,807. दादांना माझ्यावर विसंबायला नको म्हणून पासबुकातला पेन्शन वर्गणीचा रकाना दाखवला. ही वर्गणी पगाराच्या 8.33 टक्के असते. शेवटच्या वर्षी दर महिना 1,250, पहिल्या वर्षी 750.

धाकटा तोवर गप्प होता. "शेवटच्या वर्षी साहेबांनी मुद्दाम अडीच हजार वाढवले होते. पेन्शनला उपयोग होईल म्हणाले."

ते ऐकून मला फार वाईट वाटलं. साहेबांचा हेतू चांगला होता, पण साठातल्या बाराच महिन्यांत वाढलेले अडीच हजार सरासरीत फक्त 500 ने उतरतात आणि पेन्शनमध्ये जेमतेम 79 रुपयांनी. दहा महिन्यांचा नियम असता तर 393 वाढले असते. त्यात या पेन्शनवर महागाई भत्ताही मिळत नाही. पाच वर्षं पूर्ण 15,000 किंवा जास्त पगार असता, तर वर्गणीसाठी धरायच्या पगाराची कमाल मर्यादाच 15,000 असल्याने दोन्ही सरासऱ्या सारख्याच आल्या असत्या. फटका बसतो तो असा उशिरा पगार वाढलेल्यांना.

दादांनी कागद घडी करून खिशात ठेवला. उठता उठता भावाला म्हणाले, "तुझा मेव्हणा तिथेच आहे ना? त्याला अजून पाच वर्षं आहेत. वाढ आत्ताच मागायला सांग."