आधी पुरावा, मग ब्लॉक

नागपुरातील एका महाविद्यालयात मी समुपदेशक आहे. ओळख पटू नये म्हणून इथे काही तपशील बदलले आहेत. गेल्या हिवाळ्यात पदव्युत्तर वर्गातील एक विद्यार्थिनी दुपारी माझ्याकडे आली. इन्स्टाग्रामवर ओळख झालेल्या तरुणाला उत्तरे देणे तिने थांबवले होते आणि आता त्याचा निरोप होता : "रात्री आठपर्यंत बोल, नाहीतर फोटो आणि चॅट तुझ्या दादाला जातील."

"मॅडम, मी सगळं डिलीट करून त्याला ब्लॉक करते," ती म्हणाली. मी तिला थांबवले, कारण घाबरलेले मूल हेच आधी करते आणि नेमका त्यातच पुरावा जातो. आम्ही धमकीचे निरोप तारीख-वेळेसह टिपले. त्याच्या प्रोफाइलची लिंकही जपून ठेवली, कारण दिसणारे नाव कोणीही क्षणात बदलू शकते. त्याने पैसे मागितले असते, तर त्याचा यूपीआय आयडीही टिपला असता. पैसे मात्र द्यायचे नाहीत, कारण एकदा दिले की मागणी वाढते. उत्तर द्यायचे नाही हेही ठरले.

फोटो पुसू न देण्याचे आणखी एक कारण होते. StopNCII.org या संकेतस्थळावर आपल्याच फोनमध्ये फोटोचा डिजिटल ठसा तयार होतो. फोटो फोनबाहेर जात नाही, केवळ ठसा जातो, आणि त्यात सहभागी असलेल्या इन्स्टाग्राम, फेसबुकसारख्या मंचांवर तोच फोटो चढवला गेल्यास तो ओळखता येतो. मूळ फोटोच नसेल तर ठसा कशाचा काढणार? ही सोय प्रौढांच्या फोटोंसाठी आहे. फोटोतील व्यक्ती तेव्हा अठरा वर्षांखालील असेल, तर 'टेक इट डाउन' ही वेगळी सेवा वापरावी लागते. मर्यादाही मी तिला स्पष्ट सांगितल्या : फोटोत फेरफार केला तर ठसा जुळेलच असे नाही, व्हॉट्सअॅपवरील खासगी निरोप त्यात येत नाहीत, आणि चॅटला तर हा उपाय लागूच नाही.

म्हणून चॅटसाठी तिने स्वतःच दादाला फोन केला. ते दहा मिनिटांचे बोलणे तिच्यासाठी सर्वांत अवघड होते, पलीकडून ओरडणे ऐकू आले, मग शांतता, आणि शेवटी "मी येतो, तू तिथंच थांब."

तो येईपर्यंत cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवून झाली. तेथे महिलांविरुद्धच्या अशा गुन्ह्यांची तक्रार नाव न देताही करता येते, पण मग तक्रारीचा पुढचा प्रवास पाहता येत नाही, म्हणून तिने नाव दिले. 1930 हा सायबर गुन्ह्यांसाठीचा मदत क्रमांकही आहे. त्यानंतरच खाते रिपोर्ट करून ब्लॉक केले, मित्रयादी लपवली, आणि बहीण-भाऊ मिळून पोलीस ठाण्यात गेले.

रात्री नव्या खात्यावरून दादाला चॅटचे स्क्रीनशॉट आले. त्याने उत्तर दिले नाही. त्या खात्याची लिंक आणि निरोप टिपून ठेवले, आणि दुसऱ्या दिवशी ते त्याच तक्रारीत जोडले.