विरळ केसांचा डाय: मुळापासून थोडा दूर, काळ्यापेक्षा थोडा फिका

‘केस विरळ झालेत, भांग रुंद दिसतो, पण पांढरे लपवायला डाय लावावाच लागतो. तो डोक्याच्या कातडीला न लागता कसा लावू? आणि कोणत्या रंगाने केस दाट दिसतील?’

आधी रंगाचं बघू. गव्हाळ कातडीवर कुळकुळीत काळे केस आले की मधली प्रत्येक फट उठून दिसते. केस आणि कातडी यांच्यातला फरक जितका कमी, तितकी फट नजरेत कमी भरते. म्हणून १ नंबरचा काळा सोडून ४ नंबरचा ब्राऊन घ्या. कातडी उजळ असेल तर ५ चालेल. सावळ्या कातडीला ३ पुरे. सगळे केस एकसारखे रंगवण्यापेक्षा भांगाजवळच्या चार-पाच बारीक बटा एका नंबराने फिक्या ठेवल्या तर केसांत खोली दिसते. मात्र आधीच काळ्या डायने रंगवलेले केस नुसत्या ब्राऊन डायने फिके होत नाहीत. नवीन मुळं ब्राऊन येतील, टोकं काळीच राहतील आणि कापत कापत जातील. ब्लीच करायच्या भानगडीत पडू नका. विरळ केस तुटले की आणखी विरळ दिसतात.

ब्राऊनचा दुसरा फायदा लावताना कळतो. मुळाशी २-३ मिलिमीटर जागा कोरी सोडली तरी चटकन दिसत नाही. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, म्हणजे ही जागा जेमतेम आठवड्याच्या वाढीइतकी.

आदल्या दिवशी केस धुऊ नका, कातडीवरचं तेल थोडं संरक्षण देतं. कपाळाच्या कडेला आणि भांगावर व्हॅसलिनचा पातळ हात फिरवा, पण केसांना लागू देऊ नका, तिथे रंग चढणार नाही. नुसत्या मुळांसाठी २० ग्रॅम क्रीम बहुधा पुरतं. डेव्हलपर पाकिटावरच्या प्रमाणातच घाला. मिश्रण पातळ झालं तर ओघळून कातडीवर उतरतं. शेपटीच्या कंगव्याने अर्ध्या सेंटिमीटरचा थर उचला, खाली फॉईलची पट्टी सरकवा आणि अरुंद ब्रश आडवा धरून मुळाशी ती जागा सोडून टोकाकडे ओढा. पट्टी नसेल तर रंगवलेला थर उलटून नेमका उघड्या कातडीवर पडतो. भांग सगळ्यात शेवटी करा. शाम्पूसारखा चोळायचा डाय विरळ केसांना नकोच.

धुताना मान पुढे वाकवून कोमट पाणी मुळांकडून टोकांकडे सोडा, चोळू नका.

‘अमोनिया नाही’ म्हणजे पीपीडी हे डायमधलं रंगाचं रसायन नाही, असं नव्हे. खाज आणि सूज बहुतेक वेळा पीपीडीनेच येते, आणि कातडी फार सुजली तर त्यानंतर केस गळूही शकतात. म्हणून कोपराच्या आतल्या बाजूला थोडा डाय लावून ४८ तास वाट पाहा, नेहमीचाच ब्रँड असला तरी. मिनॉक्सिडिल वापरत असाल तर डायच्या आदल्या दिवशी आणि त्या दिवशी लावू नका. लावताना आग झाली तर वेळ पूर्ण व्हायची वाट न बघता लगेच धुऊन टाका.