तीर्थोपाध्यायांच्या वहीतले पेशवे : नाशिकची नोंद

या खेपेला नाशिकच्या एका उपाध्यायांकडे पेशव्यांच्या भट घराण्याचे लेख, म्हणजे यात्रेला आल्यावर वहीत लिहिलेल्या नोंदी, बघायला बसलो. गुरुजींनी आधी मूळ गाव विचारलं. वह्या गाव आणि आडनाव यांवर लावलेल्या असतात, त्यामुळे 'श्रीवर्धन, भट' म्हटल्यावरच बासन सुटलं. फोटो काढायचा नव्हता. मोडीतून हाताने उतरवून घेतलं.

पहिली गोष्ट म्हणजे शाई बघा. तीन पिढ्यांचे लेख एकाच वळणात, एकाच शाईत दिसले तर ती जीर्ण वहीवरून पुढे केलेली नक्कल आहे, असं धरून चाला. मी पाहिलेलं पान तसंच आहे. यजमानाने स्वतः लिहिलेल्या लेखाचं वजन त्याला देता येत नाही, कारण उतरवताना एखादी पिढी गळू शकते. आणि या घरात नावं फिरून येतात. बाळाजी विश्वनाथांचे पुत्र बाजीराव बल्लाळ, त्यांचे बाळाजी बाजीराव, म्हणजे नानासाहेब. नुसतं 'बाजीराव' दिसलं तर वडिलांचं नाव वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका; पुढचे बाजीराव रघुनाथ आहेत. 'बल्लाळ' म्हणजे बाळाजीच, हेही ध्यानात असू द्या.

तारखांचं मात्र नीट समजून घ्यायला हवं. लेखावर तिथी असते ती यात्रेची, मृत्यूची नव्हे. पण यजमानाने वडिलांचं तीर्थश्राद्ध केल्याचा उल्लेख असेल, तर त्या तिथीपूर्वी वडील गेलेले होते, एवढं पक्कं होतं. जीवत्पितृक, म्हणजे वडील हयात असलेला माणूस वडिलांना पिंड देत नाही. याहून जास्त त्या लेखातून काढू नये.

तिथीचं रूपांतर तपासायला मी ठाऊक असलेली तिथी घेतली : थोरल्या बाजीरावांचं रावेरखेडीला निधन, वैशाख शुद्ध १३, शके १६६२, रौद्र संवत्सर. शकात १२ मिळवून ६० ने भागलं की बाकी ५४ उरते आणि चोपन्नावं संवत्सर रौद्रच, म्हणजे शक बरोबर. पुस्तकांत तारीख २८ एप्रिल १७४०. संगणकावरच्या पंचांगात मात्र ९ मे आली! अकरा दिवसांचा हा फरक जुन्या ज्युलियन आणि आताच्या ग्रेगोरियन कालगणनेतला आहे. इंग्रजांनी १७५२ मध्ये पद्धत बदलली आणि आपल्याकडच्या इतिहासग्रंथांत त्याआधीच्या तारखा बहुधा जुन्या पद्धतीने दिलेल्या असतात. वार दोन्हींकडे सोमवारच येतो. म्हणून लेखात वार असेल तर तो आधी जुळवा. वार जुळतो आणि तारीख बरोबर अकरा दिवसांनी हुकते, तेव्हा वहीला दोष देऊ नका.

पुढच्या खेपेला गोपिकाबाईंच्या काळातले लेख मागणार आहे. उत्तरायुष्यात त्या नाशिकजवळ गंगापूरला राहत होत्या, त्यामुळे तिथे नकलेऐवजी मूळ हस्ताक्षर मिळण्याची मला आशा आहे.