चटणीची रील आणि आमचा कागदावरचा करार

आमची कांदा-लसूण चटणी उन्हाळ्यात एकदाच होते. मिरच्या वाळवून, भाजून, डंकावर कुटून घेतल्या की तो माल वर्षभर पुरवायचा. यंदा जूनमध्ये अर्ध्या किलोचे तीनशे पुडे शिल्लक होते. त्यासाठी कोल्हापुरातल्याच एका रील करणाऱ्या मुलीला विचारायचं ठरवलं. घरगुती स्वयंपाक दाखवते, बोलते अस्सल पेठेतली.

खरं तर कोल्हापूरकर चटणी विकत घेत नाहीत. ज्याच्या त्याच्या घरी होते किंवा आत्या-मावशी डबा भरून देतात. गिऱ्हाईक म्हणजे नोकरीसाठी पुण्या-मुंबईला गेलेला माणूस. म्हणून पहिल्याच मेसेजात मी फॉलोअर्सबद्दल काही न विचारता, तिचे बघणारे कुठल्या शहरातले आहेत याचा स्क्रीनशॉट मागितला. सोबत पुड्याचा भाव, शिल्लक माल आणि लेबलचा फोटो पाठवला. पुणे सगळ्यात वर होतं, कोल्हापूर दुसरं. रीलखाली ‘कुठं मिळेल?’ विचारणारेही बरेच दिसले. तिनं उलट विचारलं, "काकू, लेबलवर फूड लायसनचा चौदा आकडी नंबर आहे न्हवं?" मला हा प्रश्न आवडला.

तिनं एका रीलचे १५,००० सांगितले. मी वही उघडली. पुडा ३५० चा, माल, कांडप, मजुरी नि पॅकिंग मिळून २३० जातात. उरतात १२०, कुरिअर गिऱ्हाईक वेगळं देतं. तिच्या कोडवर २० रुपये सूट दिली की उरले १००. म्हणजे नुसते तिचे पैसे फिटायला दीडशे पुडे, अर्धा माल, खपायला हवेत. दुसरं टोक म्हणजे ‘दोन पुडे फुकट घे आणि विक्रीवर कमिशन घे’. तेही मला पटेना. तिचा एक दिवस शूटिंगला, एक एडिटिंगला जाणार, आणि माल खपला नाही तर तिनं उपाशी राहायचं का?

मग मधला रस्ता काढला. ६,००० ठरीव आणि कोडवर विकल्या गेलेल्या प्रत्येक पुड्यामागे ४० रुपये. माझे पैसे शंभर पुड्यांवर फिटतात, तिचे १५,००० सव्वादोनशेवर पुरे होतात. हे गणित लपवलं नाही, वहीच्या पानाचा फोटो तिला पाठवून दिला. मग घासाघीस फारशी झालीच नाही. निम्मे पैसे तारीख ठरल्यावर, निम्मे रील टाकल्याच्या दिवशी, आणि कमिशन दर महिन्याच्या ५ तारखेला ऑर्डरींच्या यादीसकट.

खरी चर्चा झाली ती बाकीच्या अटींवर. तीन महिने तिनं दुसऱ्या कुणाचा मसाला दाखवू नये, असं मी म्हटलं. ती म्हणाली, "मग तेवढे दिवस माझी चूल कोण पेटवणार?" शेवटी एक महिना आणि तोही फक्त कांदा-लसूण चटणीपुरता ठरला, गरम मसाला किंवा लोणचं तिनं खुशाल करावं. तिची रील मी पैसे भरून जाहिरात म्हणून चालवली, तर तीस दिवसांचे वेगळे २,००० द्यायचे. चेहरा तिचा आहे, तेव्हा हे रास्तच. चवीबद्दल काय बोलायचं ते तिचं ती ठरवणार. घटक, वजन, टिकण्याचा काळ एवढंच मी तपासणार. चव आवडली नाही तर रील टाकायची नाही आणि आगाऊ रक्कम परत.

पैशाची जाहिरात आहे हे बघणाऱ्याला स्पष्ट सांगणं बंधनकारक आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाची २०२३ ची मार्गदर्शक सूचना आहे, आणि फुकटचा पुडाही त्यात मोबदलाच धरला जातो. म्हणून इन्स्टाग्रामचं पेड पार्टनरशिप लेबल आणि रीलच्या सुरुवातीलाच मराठीत ‘जाहिरात’ असं ठरलं. तिला वाटत होतं याने बघणारे कमी होतील. मी हटले नाही.

एक कलम तिनं घालून घेतलं ते फार कामी आलं. लोक कोड विसरतात आणि थेट व्हॉट्सअॅपवर ‘रील बघितली’ म्हणून ऑर्डर देतात. अशांचंही कमिशन तिला द्यायचं. म्हणून प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला ‘कुठून कळलं?’ विचारून यादीत एक रकाना भरत गेले.

महिन्याअखेर कोडवर १४० पुडे आणि बिनकोडचे १८ गेले. तिला ६,३२० कमिशन धरून १२,३२० मिळाले. नमुन्याचे दोन पुडे वजा करता माझ्या हातात ३,३८० उरले, आणि पुण्या-मुंबईची दीडशेभर नावं वहीत आली. उरलेला माल दिवाळीपर्यंत पुरवायचा असल्याने दुसरी रील आता नको, असं मी तिला कळवलं. पुढची बोलणी पुढच्या उन्हाळ्यात, नव्या मिरचीचा भाव कळल्यावर.