आठही दिवे लागले, तरी शंभरच

सांगलीतील एका हळदीच्या पेढीचे नेटवर्क मी बरीच वर्षे सांभाळतो आहे. यंदा मार्चमध्ये, सौद्यांची घाई ऐन भरात असताना, तिथल्या दिवाणजींचा फोन आला. नवीन नॅसवर, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या डिस्कच्या पेटीवर, रोजचा बॅकअप रात्री आठला सुरू केला की एक वाजेपर्यंत चालतो आणि तोवर संगणक बंद करता येत नाही, अशी त्यांची तक्रार होती. नॅस विकणाऱ्याने डिस्क संथ असल्याचे सांगून महागातली डिस्क सुचवलीही होती. न बघता निदान करण्याची ही पद्धत आमच्या धंद्यात फार बोकाळली आहे.

बॅकअपची फाइल साधारण 200 जीबीची होती. पाच तासांत तेवढी गेली, म्हणजे सेकंदाला सुमारे 11 एमबी वेग पडला. हा आकडा कानावर आला की डिस्कचा विचार सोडून द्यावा, कारण शंभर मेगाबिटच्या जोडणीतून प्रत्यक्षात इतकेच निघते. गिगाबिट, म्हणजे हजार मेगाबिटची, जोडणी असती तर हीच फाइल अर्ध्या तासात गेली असती. संगणकाच्या नेटवर्क कार्डाच्या खिडकीत `100/100 (Mbps)` असे स्वच्छ लिहिलेलेही होते. ते नॅस विकणाऱ्याने वाचले नव्हते इतकेच.

मालकांच्या पुतण्याने मात्र ते वाचले होते. त्याने माझ्या येण्याआधी कार्डाच्या सेटिंगमध्ये जाऊन `1.0 Gbps Full Duplex` निवडले होते, आणि त्याबरोबर जोडणीच बंद पडली होती. घाबरून त्याने सेटिंग पूर्ववत केले. "काका, माझ्यामुळं काही बिघडलं नाही ना?" असे त्याने मला हळूच विचारले. खरे तर दिवसभरात मला मिळालेली सर्वांत उपयोगी माहिती हीच होती.

शंभर मेगाबिटला केबलमधील चारपैकी दोनच जोड्या लागतात: प्लगच्या 1-2 आणि 3-6 या टोकांवरच्या, म्हणजे आपल्याकडे रूढ असलेल्या बी रंगक्रमात नारिंगी आणि हिरवी. गिगाबिट मात्र चारही जोड्यांवरून एकाच वेळी, प्रत्येकीवर 250 मेगाबिट याप्रमाणे धावते. गोची अशी, की कोणत्या वेगाने बोलायचे हे दोन्ही टोकांची यंत्रे आधी नारिंगी आणि हिरव्या जोडीवरच ठरवतात. निळी किंवा तपकिरी जोडी तुटलेली असली तरी बोलणी व्यवस्थित होतात, गिगाबिट ठरतेही, आणि प्रत्यक्ष जोडणी उभी करताना मात्र ती फसते. काही प्रयत्नांनंतर बहुतेक कार्डे समंजसपणे एक पायरी उतरून शंभरवर स्थिरावतात. पुतण्याने ती उतरण्याची वाटच बंद केली होती. म्हणून जोडणी शंभरवरही आली नाही.

त्या टेबलावरच्या भिंतीतील आयओला, म्हणजे नेटवर्कच्या सॉकेटला, माझा लॅपटॉप माझ्याच खात्रीच्या पॅच कॉर्डने लावला आणि जोडणीचा वेग दाखवणारी `ethtool` ही आज्ञा चालवली. त्यातल्या कामाच्या ओळी या:

```
Link partner advertised link modes:  100baseT/Half 100baseT/Full
                                     1000baseT/Full
Speed: 100Mb/s
```

समोरचा स्विच, म्हणजे रॅकमधले सगळ्या केबल एकत्र जोडणारे यंत्र, गिगाबिट द्यायला तयार आहे आणि तरी वेग शंभरच आहे, याचा अर्थ दोष तारेत. पहिल्या ओळींत 1000 दिसलेच नसते, तर स्विचचे सेटिंग किंवा पोर्ट तपासावा लागला असता. लॅपटॉप रॅकपाशी नेऊन त्याच कॉर्डने थेट त्याच पोर्टला लावला, तर लगेच 1000 आले. म्हणजे पोर्टही सुटला. उरले तीन तुकडे: भिंतीतली केबल, तिच्या दोन टोकांची आयओ व पॅच पॅनेल ही रॅकमधली सॉकेटची पट्टी, आणि पॅनेलपासून स्विचपर्यंतची छोटी कॉर्ड.

इथे मी जे केले त्याचा मला अजून राग येतो. दर तारेमागे एक दिवा असलेला टेस्टर आयओ आणि पॅनेलमध्ये लावला. एक ते आठ दिवे क्रमाने लागले. छोटी कॉर्ड काढून टेबलावर तपासली. तिचेही आठ लागले. तेव्हा आयओच्या मागे पंचिंग सैल असेल असे ठरवून मी आयओ उघडला आणि आठही तारा नव्याने ठोकल्या. आयओ दुसऱ्या कारागिराने बसवलेला होता, आणि कॉर्ड मी स्वतः बनवलेली होती. पाऊण तास गेला आणि वेग शंभरच राहिला.

मग दिवाणजींना पाच मिनिटे मागून घेतली, कारण स्विचची केबल चाचणी चालू असताना त्या पोर्टची जोडणी तुटते. या चाचणीत स्विच प्रत्येक जोडीत एक स्पंद सोडतो आणि तो परत यायला लागलेल्या वेळावरून तुटीचे अंतर काढतो. उत्तर आले: तीन जोड्या ठीक, एक `Open`, अंतर 1 मीटर. या मापात मीटरभराची चूक सहज होते, पण भिंतीतली केबल साठ मीटरच्या आसपास होती, त्यामुळे शंकेला जागा उरली नाही. दोष स्विचला लागूनच होता.

कॉर्ड पुन्हा टेस्टरला लावली आणि या वेळी प्लगच्या मुळाशी ती रॅकमध्ये वाकते तशी वाकवली. चौथा दिवा विझला. सरळ केली, लागला. चौथे टोक म्हणजे निळी तार. टेबलावर कॉर्ड सरळ पडलेली असताना तिचा स्पर्श होत होता, आणि टेस्टरच्या दिव्याला तेवढा स्पर्श पुरतो. रॅकमध्ये जागी लावली की तो स्पर्शही सुटत होता.

प्लग कापून भिंगाखाली पाहिला. आतली सोनेरी पाती दोन दातांची होती. असली पाती अनेक बारीक धाग्यांच्या लवचिक तारेसाठी असते. ती धाग्यांमध्ये घुसून बसते. मी मात्र कॉर्ड भिंतीतल्या केबलच्या उरलेल्या तुकड्याची केली होती, जिच्यात प्रत्येक तार अखंड, सुमारे अर्ध्या मिलिमीटरची असते. अशा तारेला तीन दातांची, तिला दोन्ही बाजूंनी धरणारी पाती लागते. माझी पाती तारेच्या एका अंगाला नुसती घासून बसली होती.

ती कॉर्ड 2019 च्या पुरानंतरची. तेव्हा पेढीने धास्तीने रॅक तळमजल्यावरून वर हलवायला लावला, तयार कॉर्ड आखूड पडल्या आणि त्या एका संध्याकाळी मी बारा कॉर्ड हाताने क्रिम्प केल्या. प्रत्येकीचे आठ दिवे बघितले, इंटरनेट चालते ते दाखवले आणि बिल केले. पुढे वेग कोणत्या वर्षी उतरला हे आता कळायला मार्ग नाही, कारण पेढीचे इंटरनेटच पन्नास मेगाबिटचे होते. नॅस येईपर्यंत शंभर आणि हजारातला फरक कोणाला जाणवणारच नव्हता. नारिंगी तार सुटली असती तर जोडणी मेली असती आणि मला त्याच दिवशी फोन आला असता.

तयार कॉर्ड लावली. 1000 आले, बॅकअप बत्तीस मिनिटांत संपला. उरलेल्या अकरा पोर्टांपैकी नऊ गिगाबिटवर होते आणि दोन शंभरवर: एकावर हजेरीचे यंत्र, एकावर जुना प्रिंटर, आणि त्या दोघांना मुळात शंभरच येते. तरीही दुसऱ्या दिवशी मी अकराही कॉर्ड माझ्या खर्चाने बदलल्या. दिवाणजी म्हणाले, "चालू आहेत त्या कशाला काढताय साहेब?" काढलेल्या कॉर्ड घरी आणून एकेक वाकवून पाहिल्या. दोघींचा दिवा क्षणभर लुकलुकला, बाकी नऊ ठीक निघाल्या. प्लग मात्र सगळ्यांचे तेच आहेत. त्यांपैकी एकही मला अजून कुठे लावावीशी वाटलेली नाही.