आमची वाटचाल: पॅटीसचे पदर आणि खान्देशचा मे महिना

अमळनेरला आमची बेकरी २०१४ साली सुरू झाली. पहिली दोन वर्षं पाव, खारी आणि नानकटाई एवढंच करत होतो. पॅटीस सुरू केलं ते डिसेंबरात. पहाटे टेबलाची फरशी बर्फासारखी गार असायची, लाटी हाताला चिकटत नव्हती आणि भट्टीत पदर मस्त सुटत होते. आम्हाला वाटलं, हात बसला.

मग मे उजाडला. एका लग्नाच्या नाश्त्याची ३०० पॅटीसची ऑर्डर होती. पहिला ट्रे निम्मा भाजला असेल, तोच भट्टीवरचा मुलगा ओरडला, "दादा, तेल सुटी ऱ्हायनं!" ट्रेमध्ये पॅटीस वितळलेल्या मार्गरीनमध्ये पोहत होते. वर फुगण्याऐवजी आडवे पसरलेले, तळाला तळल्यासारखे कडक आणि आत कच्चे. त्या दिवशी आगाऊ घेतलेले पैसे परत केले आणि वऱ्हाडाला खारी पाठवली. ती सकाळ आम्ही दोघं नवरा-बायको अजून विसरलेलो नाही.

माल तोच, हात तेच, मग बिघडलं कुठे? एक किलो मैदा, अर्धा लिटर पाणी, मीठ, चमचाभर व्हिनेगर आणि घडीत घालायला ७०० ग्रॅम मार्गरीन. तीनपदरी घडी पाच वेळा घातली की मार्गरीनचे २४३ थर होतात. हे थर वेगवेगळे राहिले तरच पॅटीस फुलतं. मैद्यातल्या पाण्याची वाफ होते, ती वरचा पदर उचलते आणि वितळलेलं मार्गरीन दोन पदरांना एकमेकांना चिकटू देत नाही. पण टेबलावरच मार्गरीन मऊ पडलं तर ते मैद्यात जिरतं. मग वाफेने उचलायला पदरच उरत नाहीत.

खात्री करायला एका दुपारी एकाच लाटीची बारा पॅटीस कापली. सहा टेबलावर ठेवली, सहा वीस मिनिटं डीप फ्रीजरमध्ये. नंतर सगळी एकाच ट्रेवर, एकाच भट्टीत. फ्रीजरमधली चार बोटं उंच झाली आणि कडेला पुस्तकाच्या पानांसारखे पदर दिसत होते. टेबलावरची दीड बोटावर थांबली आणि त्यांच्याखाली तेलाचं डबकं साचलं.

तेव्हापासून उन्हाळ्यात पहाटे चारला मळतो, पाणी बर्फाचं घेतो आणि प्रत्येक दोन घड्यांनंतर लाटी अर्धा तास फ्रीजमध्ये जाते. सुरुवातीला आमची उलटीच चूक झाली. गारच हवं म्हणून लाटी डीप फ्रीजरमध्ये टाकली, तर लाटताना मार्गरीनचे तुकडे पडले आणि पदर फाटले. लाटी वाकवली तर वाकली पाहिजे, तडकता कामा नये. डीप फ्रीजर फक्त भरून कापलेल्या पॅटीससाठी. सारणही पूर्ण गार आणि कोरडं लागतं. गरम बटाटा भरला की आतून मार्गरीन वितळायला लागतं. हिवाळ्यात आम्ही भरताचं पॅटीस करतो, त्या वांग्याचं पाणी कढईत आटवल्याशिवाय ते भरत नाही, नाहीतर तळ गिच्च होतो.

एवढं करूनही काही ट्रे बसकेच निघत होते. भट्टीचा काटा २२० दाखवायचा. शेवटी आत ठेवायचा थर्मामीटर आणला, तेव्हा उलगडा झाला. दार उघडून चार गार ट्रे एकदम सरकवले की आतलं तापमान १७० पर्यंत उतरायचं आणि परत चढायला बराच वेळ लागायचा. तेवढ्यात मार्गरीन वितळून जायचं, वाफ मागाहून यायची. आता भट्टी पाऊण तास आधी पेटवतो, २३० ला आणतो, दोनच ट्रे लावतो आणि पहिली पंधरा मिनिटं दाराला कोणी हात लावत नाही. अर्धवट फुललेले पदर गार हवा लागली की बसतात. पॅटीसचा रंग धरला की १९० वर आणून आणखी दहा-बारा मिनिटं ठेवतो, म्हणजे आतली ओल निघून पदर कोरडे होतात. ही शेवटची मिनिटं वाचवली तर पॅटीस भट्टीतून छान निघतं आणि ताटात मऊ पडतं.

कडा मात्र धारदार सुरीने एका दाबात कापायच्या. बोथट सुरी पदर दाबून चिकटवते. वरून दूध लावतानाही तेच जपायचं, कडेवर ओघळ गेला की तिथले पदर जुळतात आणि पॅटीस एका बाजूला कलतं.

ज्या घरची ऑर्डर चुकली होती, त्यांच्याच धाकट्या मुलीच्या लग्नात, पुन्हा मे महिन्यातच, आम्ही ३०० पॅटीस दिली. दोन-दोन ट्रे लावत भट्टी पहाटेपासून साडेनऊपर्यंत चालली. ट्रेखाली पुसायला तेल नव्हतं.